सासऱ्यांना पुस्तक द्यायचंय, पण त्यांच्याकडे काय काय आहे ते न विचारता कसं कळणार?

मुग्धा_कांदिवली

नमस्कार मंडळी. माझे सासरे पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरचे होतायत. ते आणि आई गिरगावात, आम्ही कांदिवलीला. बाबांना वाचनाचं वेड आहे हे म्हणणं कमीच, आणि त्यातही मुंबईचा इतिहास म्हणजे जीव की प्राण. दोन काचेची कपाटं गच्च, पलंगाखाली एक ट्रंक आणि माळ्यावर काय आहे ते देवालाच ठाऊक. मला त्यांना त्याच विषयावरचं पुस्तक द्यायचंय पण त्यांच्याकडे नसलेलं. मागे नणंदेने दिलं होतं ते आधीच होतं घरात, त्यांनी "वा, छान" म्हणून घेतलं आणि पंधरा दिवसांनी तेच पुस्तक खालच्या मजल्यावरच्या काकांच्या हातात दिसलं, नणंद अजून ते विसरलेली नाही.

थेट विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, मला काही नको, उगाच खर्च करू नका. आईंना सामील करून घ्यायचं तर सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर, त्यांच्या पोटात काही राहत नाही. बजेट दोन हजारांपर्यंत, मराठी इंग्रजी दोन्ही चालतं. गुपचूप कसं शोधायचं सांगा.

रॉकी_भांडुप

दोन कपाटं फुल आहेत म्हणताय मग अजून पुस्तक कशाला, किंडल घेऊन द्या ना. जुनी पुस्तकं काढून टाकायची असतील तर रद्दीवाला किलोवर नेतो, आमच्या इथला घरी येतो.

मुग्धा_कांदिवली

काढून नाही टाकायचीयत हो, भर घालायचीय 😅

शुभदाताई

मुग्धा, तुझं वाचून आमच्या ह्यांची रिटायरमेंट आठवली गं. हे ट्रेकवाले, सह्याद्री म्हणजे सगळं, आणि हे सगळ्या ऑफिसला माहीत, त्यामुळे निरोप समारंभात ऑफिसकडून किल्ल्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आलं, मग माझ्या भावाने तेच दिलं आणि रात्री मुलगा पुण्याहून आला तर त्याच्याही बॅगेत तेच, आणि गंमत म्हणजे ह्यांच्याकडे ते स्वतःचं होतंच आधीपासून. एक सोसायटीच्या लायब्ररीत गेलं, एक भाच्याला दिलं, एक अजून प्लास्टिकमध्येच आहे. तेव्हापासून मी शर्टपीस देते.

आशिष_ठाणे

सोपं आहे. प्रत्येक पुस्तकावर आयएसबीएन असतो. त्यांच्या कपाटातल्या पुस्तकांचे नंबर कसेही करून टिपून घ्या, दुकानात जे घ्याल त्याचा नंबर ताडून बघा. नंबर वेगळा म्हणजे पुस्तक वेगळं, बिनधास्त घ्या.

दादरचा_काउंटर

आशिषराव, अर्धं बरोबर आहे तुमचं. नंबर सारखा असेल तर पुस्तक तेच, हे पक्कं. पण उलटं धरून चालू नका. त्याच पुस्तकाच्या साध्या बांधणीला एक नंबर आणि पुठ्ठा बांधणीला दुसरा, प्रकाशक बदलला की तिसरा. २००७ पासून हे नंबर तेरा आकडी झाले, त्याआधी दहा आकडी होते, म्हणजे तेच पुस्तक जुन्या छपाईत एका नंबराने आणि नव्यात दुसऱ्या नंबराने दिसतं. आणि मुग्धाताईंच्या सासऱ्यांसारख्या माणसाकडे साठ-सत्तर सालातली पुस्तकं असणार, त्यांच्यावर नंबर मुळातच नाही.

मी दादरला पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर आयुष्य काढलं, त्यामुळे हा प्रश्न दर दिवाळीला माझ्यासमोर यायचा. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे, एखाद्याचा खास विषय असेल तर त्या विषयातलं सगळ्यात नावाजलेलं पुस्तक त्याला कधीही देऊ नये, ते त्याच्याकडे असतंच. मुंबईवर दुकानात विचारलंत तर हमखास तीन नावं पुढे येतात. गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ चं 'मुंबईचे वर्णन', गिलियन टिंडॉलचं 'सिटी ऑफ गोल्ड' आणि शारदा द्विवेदी-राहुल मेहरोत्रांचं 'बॉम्बे: द सिटीज विदिन'. तिन्ही उत्तम, तिन्ही तुमच्यासाठी बाद. नेट उघडल्यावर जे पहिल्या पानावर दिसतं ते सगळं बाद समजा आणि तिथून पुढे शोधायला लागा.

दुसरी गोष्ट. "आहे" आणि "वाचलंय" ह्यात फरक करा. तुम्हाला दोन्ही हवंय. घरात नाही पण लायब्ररीतून आणून वाचलेलं, अशी पुस्तकं पट्टीच्या वाचकाकडे ढिगाने असतात. त्यातलं एखादं मनापासून आवडलेलं असेल आणि विकत घ्यायचं राहून गेलं असेल, तर त्याच्यासारखी भेट नाही. न वाचलेलं नवं पुस्तक हा जुगार असतो, हे तसं नसतं.

आता शोधायचं कसं. आधी घरातले जुने फोटो बघा. गणपतीचे, वाढदिवसाचे, कुणीतरी कपाटासमोर उभं असतंच. मोठे करून कणे वाचा. नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत कपाट पुसायला मदत करा. फोटो काढताना काचेचं दार उघडून काढा, उघडता नाही आलं तर फ्लॅश बंद करून जरा तिरकं उभं राहून काढा, समोरून काढलात तर काचेत तुम्हीच दिसाल. आणि कपाट खोल असेल तर पुस्तकांच्या मागे पुस्तकांची दुसरी ओळ असते, ती कुठल्याच फोटोत येत नाही.

निनाद_जे

मला एकट्यालाच हे खटकतंय का? कुणाच्या कपाटाचे लपूनछपून फोटो काढायचे, काय वाचतो ते तपासायचं. माझ्या बायकोने असं केलं तर मला नाही आवडणार. सरळ गिफ्ट कूपन द्या.

शुभदाताई

निनाद, अरे कपाट आहे ते, मोबाईल नाही. काचेचं दार कशाला असतं मग?

निनाद_जे

दिसणं वेगळं आणि टिपून ठेवणं वेगळं, एवढंच म्हणतोय.

मुग्धा_कांदिवली

निनादचं थोडं पटतंय मला, ट्रंक वगैरे उघडणार नाही मी. पण कूपन दिलं तर ते पाकिटातच राहणार, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं पडून पडून संपलं.

गणपतीतले फोटो बघितले. एका फोटोत नवऱ्याच्या खांद्यामागे मधला कप्पा दिसतोय. पण अर्ध्या पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घातलीयत, पांढरी बाजू बाहेर, कण्यावर काहीच नाही. बारीक पुस्तकांच्या कण्यावर तर जागाच नसते छापायला.

दादरचा_काउंटर

कव्हर घातलेली पुस्तकं म्हणजे जिवापाड जपलेली. तीच तुम्हाला कळायला हवीत.

मग फोटोचा नाद सोडा, त्यांनाच बोलतं करा. तुम्ही स्वतः जाऊन म्हणा, बाबा, मला मुंबईचा इतिहास वाचायचाय, कुठून सुरुवात करू? असा माणूस एकेक पुस्तक काढून तुमच्या पुढ्यात ठेवेल. कुठलं कुठल्या फुटपाथवर मिळालं, कुठलं कोणाला दिलं ते परत आलं नाही, कुठलं वाचलंय पण हाताशी नाही, सगळं न विचारता सांगेल. तुम्ही फक्त "हाताशी नाही" कानात साठवा. "कुठे मिळेल?" असं मात्र विचारू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेच दुकानात जाऊन घेऊन येतील. असं झालेलं मी काउंटरवर पाहिलंय, सकाळी वडील, दुपारी मुलगी, पुस्तक एकच.

अजून एक, कपाटात नाही म्हणजे घेतलं नाही असंही नसतं. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत आधी पैसे भरून ठेवतात, पुस्तक येतं सावकाश. मोठा ग्रंथ किंवा खंड नुकताच आला असेल किंवा यायचा असेल तर तो टाळा.

आशिष_ठाणे

मग आवृत्ती बघून घ्या ना. त्यांच्याकडे पहिली आवृत्ती असेल तर तुम्ही तिसरी द्या, सुधारित असते.

दादरचा_काउंटर

प्रत्येक वेळी नाही. मराठीत "आवृत्ती तिसरी" लिहिलेलं पुष्कळदा नुसतं पुनर्मुद्रण असतं, आत एक अक्षर बदललेलं नसतं. नव्या आवृत्तीची वेगळी प्रस्तावना आहे का, पानं वाढलीयत का, सूची किंवा टिपा घातल्यात का ते उघडून बघायचं. टिपांसकट संपादित केलेली प्रत असेल तर जुनी असतानाही दुसरी द्यायला हरकत नाही. उदाहरणार्थ माडगांवकरांच्या पुस्तकाचा मुरली रंगनाथन यांनी इंग्रजी अनुवाद केलाय. मूळ मराठी ज्याच्याकडे आहे त्याला तोही आवडू शकतो, कारण अनुवादकाला मुळातल्या जागा, माणसं, जुने शब्द उलगडून सांगावे लागतात.

उलट अनुवादात फसायलाही होतं. गिरणी कामगारांवरचं मीना मेनन आणि नीरा आडारकरांचं पुस्तक इंग्रजीत एका नावाने आहे आणि मराठीत वेगळ्याच. कण्यावरची नावं ताडली तर दोन पुस्तकं वाटतात.

मुग्धा_कांदिवली

रविवारी जाऊन आले. काका, तुमचा उपाय जरा जास्तच लागू पडला, सकाळी अकराला विचारलं ते जेवणं थांबली, आई तीनदा ओरडल्या. आता माझ्याकडे चार पुस्तकं वाचायला दिलीयत आणि पुढच्या वेळी त्यावर बोलायचं ठरलंय, म्हणजे मी अडकले.

कळलं ते असं. तुम्ही सांगितलेली तिन्ही आहेत. 'सिटीज विदिन' आकाराने मोठं म्हणून खालच्या कप्प्यात आडवं. 'मुंबईचे वर्णन'च्या दोन प्रती, त्यातली एक कॅलेंडरच्या कव्हरवाली. गिरणगावचं इंग्रजीतलं आहे. एडवर्ड्सचं मुंबईचं गॅझेटियर आहे, पण पहिला आणि तिसरा खंड, मधला नाही. ते तीन खंडांचंच आहे ना?

आणि एक गंमत सापडली. त्यांनी मला दिलेल्या एका पुस्तकाच्या शेवटी संदर्भसूची आहे, चार-पाच पानांची, त्यात पेन्सिलने खुणा केल्यायत. काही नावांपुढे बरोबरची खूण, काही नावांखाली रेघ, काहींना दोन्ही, बऱ्याच नावांना काहीच नाही. ही त्यांच्याकडच्या पुस्तकांची यादी असू शकते का? फोटो काढून घेतलेत. (निनाद, हे पुस्तक त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलंय, तेव्हा चालेल ना?)

निनाद_जे

हो, हे चालेल 😄 ह्यात मलाही इंटरेस्ट आला.

आशिष_ठाणे

बरोबरची खूण म्हणजे आहे. खूण नाही म्हणजे नाही. बिनखुणेचं कुठलंही घ्या, प्रश्न मिटला.

शुभदाताई

आमचे हे खूण करतात ते घ्यायचं असलं की. किराण्याच्या यादीत पण तसंच, त्यामुळे आमच्याकडे साखर दोनदा येते.

दादरचा_काउंटर

मुग्धाताई, घबाड मिळालंय तुम्हाला. पण अंदाज करत बसू नका, ताडून बघता येतं.

रविवारी तुम्ही काही पुस्तकं डोळ्यांनी पाहिलीयत. ती सूचीत शोधा आणि त्यांना कुठली खूण आहे ते बघा. मग उलटीकडून जा, बरोबरची खूण आहे पण रेघ नाही अशी तीन-चार नावं निवडा आणि ती कपाटात आहेत का ते बोलता बोलता काढून घ्या. खूणवालं एखादं जरी त्यांच्याकडे नसलं तरी खूण म्हणजे "आहे" नाही, एवढं नक्की होईल.

बिनखुणेचं लगेच घेऊ नका. खुणा कधी केल्या कोण जाणे. पुस्तक वीस वर्षांपूर्वी वाचलं, खुणा तेव्हाच्या, नंतर किती घेतली असतील.

गॅझेटियर तीन खंडांचंच, १९०९-१० मधलं. पुढे सरकारने त्याचं पुनर्मुद्रण केलं. मधला खंड नाही ह्याचा अर्थ त्यांनी घेतला नाही असं नाही. पहिला आणि तिसरा घेऊन दुसरा कोणी सोडत नाही. कोणीतरी वाचायला नेलाय.

मुग्धा_कांदिवली

बरोबर बोललात काका! आज फोनवर सहज म्हटलं, बाबा ते गॅझेटियर पण वाचायचंय मला, तर म्हणाले दुसरा खंड एका मित्राने नेला तो नेलाच, आता मागायचा कसा, माणूस आजारी असतो. आवाज जरा पडला होता.

खुणा ताडल्या. कपाटात पाहिलेली आणि सूचीत असलेली सात पुस्तकं निघाली, सातही नावांखाली रेघ आहे. त्यातल्या पाचांना बरोबरची खूण पण, दोघांना नाही. मग नुसती खूण असलेली तीन नावं घेऊन त्यांनाच विचारलं की ही वाचू का, तर तिन्हीला एकच उत्तर, ते माझ्याकडे नाही, ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचलं होतं.

म्हणजे रेघ = आहे, खूण = वाचलंय. आणि नुसती रेघ म्हणजे घेऊन ठेवलंय पण वाचायचं राहिलंय, असंच ना? 🙂

आशिष_ठाणे

मानलं. माझं उलटं झालं असतं.

निनाद_जे

मग नुसती खूण असलेल्यांतलं एक निवडायचं. वाचलंय, घरात नाही. पण आवडलं होतं का ते खुणेवरून कसं कळणार? वाचून न आवडलेलं पण असू शकतं.

मुग्धा_कांदिवली

हो ना. पण एका नावापुढे खूण आहे आणि समासात बारीक अक्षरात "पुन्हा" असं लिहिलंय. आचार्य आणि शिंगणे, 'मुंबईचा वृत्तांत', १८८९. हेच ना?

दादरचा_काउंटर

हेच! बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे. माडगांवकरांच्या नंतर सव्वीस वर्षांनी आलेलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची पुस्तकं आहेत, मधल्या काळात शहर केवढं बदललं ते कळतं. ज्याच्याकडे माडगांवकरांच्या दोन प्रती आहेत त्याच्याकडे हे नसावं ह्याचं मला नवल वाटतंय. पुनर्मुद्रण झालेलं आहे, पण दुकानात सहज मिळेल ह्या भरवशावर राहू नका. आधी प्रत मिळते का बघा, मग ठरवा.

एक धोका सांगून ठेवतो. सूचीतली खूण जुनी असेल आणि नंतर त्यांनी घेतलं असेल तर? ट्रंक आणि माळा तुम्ही बघितलेला नाही.

रॉकी_भांडुप

एवढं जुनं पुस्तक नेटवर फुकट पीडीएफ मिळत असेल, प्रिंट काढून स्पायरल मारून द्या, दोनशे रुपयांत काम.

शुभदाताई

पंच्याहत्तरीला स्पायरल? रॉकी, तुझे सासरे अजून व्हायचेत वाटतं.

निनाद_जे

हसू नका, पीडीएफचा मुद्दा दुसऱ्या बाजूने बरोबर आहे. त्यांनी आधीच उतरवून टॅबवर ठेवलं असेल तर ते "आहे" मध्ये धरायचं का?

मुग्धा_कांदिवली

बाबा स्क्रीनवर पेपरही वाचत नाहीत, त्यामुळे ते नाही धरणार.

ट्रंकेचं मात्र खरंय. नणंदेला विचारलं, ती लहानपणापासून त्या ट्रंकेवर बसून अभ्यास करायची, म्हणाली त्यात दिवाळी अंक आणि नाटकाची पुस्तकं, मुंबईवरचं बाबा कधी कपाटाबाहेर ठेवत नाहीत. माळ्याचं तिलाही माहीत नाही.

आता गाडी दोन गोष्टींवर अडकलीय. 'वृत्तांत' द्यायचं की गॅझेटियरचा दुसरा खंड? नवरा म्हणतो खंड दे, सेट पुरा होईल, फोनवरचा आवाज त्यानेही ऐकला होता.

आशिष_ठाणे

खंड. तो नाहीये हे शंभर टक्के माहीत आहे, वृत्तांतचं नव्वद टक्के.

निनाद_जे

मला उलट वाटतं. खंड दिला आणि उद्या मित्राच्या घरून तो परत आला तर? शिवाय तुम्हाला त्यांची अडचण कळली, ते थोडं अवघड नाही वाटणार त्यांना?

दादरचा_काउंटर

दोघांचंही बरोबर. माझं मत विचाराल तर 'वृत्तांत'. "पुन्हा" त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. पण सुटा खंड मिळाला तर तो सोडू नका, पुढच्या वर्षी देता येईल. खंड घेताना बांधणी बघा, त्यांचा पहिला-तिसरा ज्या छपाईचा आहे त्याच छपाईचा हवा, नाहीतर शेजारी ठेवल्यावर उंचीत फरक दिसतो आणि असल्या माणसाला तो रोज खुपतो. पहिल्या खंडाच्या आतल्या पानावर साल असेल ते बघून घ्या.

कुठे बघायचं म्हणाल तर सरकारी प्रकाशनांसाठी चर्नी रोडचं शासकीय ग्रंथागार, गिरगावात जाता-येता होईल. तिथे नाही तर फोर्टात फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवाले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कल. फुटपाथवर घेताना पानं मोजून घ्या, नकाशे घडीचे असतात ते आधी फाटतात. आणि आतल्या पानावर काहीही लिहू नका, वेगळं कार्ड लिहून आत ठेवा. साध्या दुकानातून घेतलंत तर बिल जपा आणि बदलून देणार का ते घेतानाच विचारा. सरकारी आणि जुन्या पुस्तकांत बदलून मिळण्याची आशा धरू नका.

शुभदाताई

आणि आईंना आदल्या रात्रीपर्यंत सांगू नकोस.

मुग्धा_कांदिवली

आदल्या रात्री पण नाही, थेट केक कापताना 😂 नवऱ्याचं ऑफिस चर्चगेटला आहे, त्याला शनिवारी चर्नी रोडला उतरवते.

दादरचा_काउंटर

शनिवारी सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असते, कामाच्या दिवशी पाठवा. निघायच्या आधी फोन करून दोन्ही नावं विचारायला सांगा, आणि खंड सुटा देतात का तेही.

मुग्धा_कांदिवली

बरं झालं सांगितलंत. मंगळवारी लंच टाइममध्ये जाईल तो. मी तोवर बाबांनी दिलेलं पहिलं पुस्तक संपवते, रविवारी तोंडी परीक्षा आहे.